डोळ्याच्या कोपऱ्यावरचं बोट

वॉर्डातल्या फार्मासिस्टबाईंना तोंडावर सगळे ‘मॅडम’ म्हणत आणि पाठ वळली की ‘झडती’. नाव ज्याने ठेवलं त्याने नेमकं ठेवलं होतं. नवा पेशंट दाखल झाला की बाई पलंगाशी खुर्ची ओढून बसायच्या आणि त्याची औषधांची पिशवी चादरीवर पालथी करायच्या. घरी काय घेत होता, इथं डॉक्टरांनी काय लिहिलंय, दोन्हीचा मेळ बसतो का, आणि बसत नसेल तर ते मुद्दाम केलंय की राहून गेलंय? एवढंच त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा म्हणजे कळेल. माणसं स्वतःच्या औषधांबद्दल इतकं अंदाजपंचे बोलतात की विचारू नका. ‘ती पांढरी गोळी’ म्हणतात. अहो, जगातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्याच असतात!

खिडकीजवळच्या पलंगावरचे आजोबा त्यातले नव्हते. ते जन्मभर कोर्टात टंकलेखक होते. लोकांच्या साक्षी टाइप करता करता त्यांच्या अंगात एक सवय मुरली होती. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, एक शब्द कमी नाही आणि एक जास्त नाही. जिन्यात चक्कर येऊन पडले म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना आणून दाखल केलं तेव्हा ज्युनिअर डॉक्टरने विचारलं, “आजोबा, गोळ्या कोणत्या चालू आहेत?” आजोबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला. वर मथळा, ‘गोळ्यांची यादी’. खाली नाव, ताकद, वेळ. एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. ज्युनिअर डॉक्टर इतकी खूश झाली की तिने तो कागद सिस्टरांना दाखवला.

दाखल झाले ते नेमके सुट्टीच्या दिवसांत. फार्मासिस्टबाईंची झडती खरं तर लगेच व्हायला हवी, पण नियम नियम असतो आणि सुट्टी सुट्टी असते. बाई कामावर आल्या तोवर आजोबांचा निकाल लागल्यासारखाच होता. हृदयाचे ठोके मिनिटाला जेमतेम अडतीस. रक्तदाबासाठी ते दोन गोळ्या घ्यायचे, त्यातली एक ठोके मंद करणारी. ती डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बंद केली होती. तरी ठोके वर यायचं नाव घेत नव्हते. तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवलं होतं, उद्या सकाळी पेसमेकर बसवायचा. छातीत कातडीखाली यंत्र, त्याची तार हृदयात, आणि मग उरलेलं आयुष्य त्या यंत्राच्या भरवशावर.

“या, बसा,” आजोबा म्हणाले. “तुम्हीही गोळ्याच विचारणार असाल तर कागद फाइलीत लावलाय.”

“बघितला. फारच सुरेख आहे. पण मी गोळ्या विचारणार नाही.”

“मग?”

बाईंची एक रीत होती. तिच्यापायी वॉर्डात त्यांची पुष्कळ चेष्टा व्हायची. त्या डोक्यापासून सुरू करायच्या आणि पायापर्यंत यायच्या. डोक्याला काही लावता का, कानात काही घालता का, नाकात फवारा, छातीला मलम, पोटात टोचायचं इंजेक्शन, कंबरेला चिकटवायची पट्टी, पायाला काही? एकदा एका पैलवानासारख्या गृहस्थाला त्यांनी असं विचारत विचारत गुडघ्यापर्यंत आणलं तेव्हा तो हात जोडून म्हणाला होता, बाई, आता मला जाऊ द्या.

“डोक्याला?” बाईंनी सुरुवात केली.

“साधं तेल. तेही केस आहेत तिथंच.”

“डोळ्यांत?”

“डोळ्यांत, हो. थेंब. सकाळ-संध्याकाळ, दोन्ही डोळ्यांत.”

बाईंचं पेन थांबलं. “थेंब? कसले?”

“डोळ्यांतलं प्रेशर वाढतं म्हणून. गेली पाच वर्षं.”

“आजोबा! मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“आधी कुणी विचारलं नाही,” आजोबा शांतपणे म्हणाले. “गोळ्या विचारल्या. थेंब ही गोळी नव्हे.”

कोर्टात या माणसाला कुणी खोटं पाडलं नसतं. आजोबांनी उशीखालून चष्म्याचं घर काढलं, त्यातून चष्म्याच्या खाली लपलेली इवलीशी बाटली काढली आणि बाईंच्या तळहातावर ठेवली. इथं दाखल झाल्यापासूनसुद्धा ते रोज न चुकता थेंब घालत होते. आरसा लागतो म्हणून न्हाणीघरात जाऊन. सिस्टरांना वाटायचं, आजोबा दाढीबिढी करत असतील.

बाईंनी लेबल वाचलं आणि पुन्हा वाचलं. एका बाटलीत दोन औषधं होती. त्यातलं एक टिमोलॉल. बंद केलेल्या त्या गोळीचंच सख्खं भावंड. म्हणजे ठोके मंद करणारी गोळी तोंडाने बंद केली होती, आणि तिचा भाऊ रोज दोन वेळा डोळ्यांतून आत शिरत होता.

“हे सगळं सोडा,” आजोबा म्हणाले. “तुमच्या इथला चहा कडू का असतो ते सांगा. चहा कडू, दूध कडू. सिस्टर म्हणतात मी नखरे करतो.”

“बघते चहाचं,” असं म्हणून बाई तडक उठल्या. त्यांचं चहाकडे लक्षच नव्हतं.

हृदयाचे डॉक्टर उंचेपुरे, कमी बोलणारे. त्यांनी बाटली उजेडात धरली, उलटसुलट करून बघितली.

“हे कुणी लिहिलं नव्हतं.”

“कुणी विचारलं नव्हतं, सर. गोळ्या विचारल्या, त्यांनी गोळ्या सांगितल्या.”

“हं. थेंबांनी असं होऊ शकतं, मान्य. पण हेच थेंब ते पाच वर्षं घालतायत ना? ती गोळीही तेव्हापासूनच चालू आहे. मग पाच वर्षं धडधाकट आणि आत्ताच असं काय झालं? वय झालंय, हृदयाची वायरिंग जुनी झालीय, हेच कारण मला जास्त पटतं.” त्यांनी बाटली परत दिली. “हा माणूस जिन्यात पडला म्हणून वाचला. पुढच्या वेळी भर रस्त्यात पडेल. खोट्या आशेवर मी त्याला घरी पाठवणार नाही.”

“पण सर, कारण नसताना छातीत यंत्र बसवायचं?”

“म्हणूनच सांगतो. थेंब आत्ताच्या आत्ता बंद करा, डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोला, रात्रभर मॉनिटर बघू. सकाळचं ऑपरेशन सध्या आहे तसंच राहू दे. ‘आत्ताच का?’ याचं उत्तर आणून द्या, मी लगेच थांबवतो.”

राग यावा असं त्यात काही नव्हतं. प्रश्न रास्तच होता, आणि तोच बाईंना छळायला लागला. नवीन औषध सुरू झालंय का? नाही. मूत्रपिंड, थायरॉइड? तपासण्या ठीक. बाटली बदलली? तीच कंपनी, तीच ताकद. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, तर ते म्हणाले, थेंब नुसतेच बंद करून बसू नका हं, त्यांची नजर जाईल. टिमोलॉल नसलेले, रात्री एकदाच घालायचे दुसरे थेंब सुरू करा. म्हणजे एकीकडे हृदय, दुसरीकडे डोळे, आणि मध्ये बाई एक न सुटणारा प्रश्न घेऊन उभ्या.

त्या परत आजोबांकडे गेल्या. “थेंब घालून दाखवाल? नुसतं पाणी घालू.”

आजोबांनी मान मागे टाकली. हात थरथरला. एक थेंब पापणीवर, एक गालावर, एक डोळ्यात. “गेला की नाही कळत नाही, म्हणून अजून एक घालतो,” असं म्हणत त्यांनी चौथा घातला, डोळ्यांची दोनदा उघडझाप केली आणि रुमालाने गाल पुसला. झालं.

“पाच वर्षं असंच घालता?”

“मी कुठं घालतो? ही घालते. मुलीचं बाळंतपण म्हणून ती तिकडे गेलीय, तेव्हापासून मी घालतो. आज येतेय ती. माझं ऐकून धावत निघाली. आता माझी काही खैर नाही.”

बाईंना अंधूक काहीतरी दिसल्यासारखं झालं. थेंब जास्त पडतायत, ठीक. पण तेवढ्याने?

दुपारी आजी आल्या. लहानखुऱ्या, पिशवी खांद्याला, पदर खोचलेला. दारापासूनच सुरुवात.

“एकटं ठेवलं तर एवढे दिवे लावलेत! फोनवर काय म्हणत होता? मजेत आहे. ही मजा?”

“तू विचारलंस, जेवलात का. मी म्हटलं, जेवलो,” आजोबा म्हणाले. “चक्कर येते का, असं तू विचारलं नाहीस.”

“बघा, बघा!” आजी बाईंकडे वळल्या. “जन्मभर हेच ऐकतेय मी. ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे वकील लावायला पाहिजे!” म्हणता म्हणता त्यांचा हात मात्र आजोबांच्या कपाळावर गेला होता आणि तिथंच राहिला होता.

बाईंनी त्यांना पाणी दिलं, बसू दिलं. मग म्हणाल्या, “आजी, डोळ्यांत थेंब तुम्ही घालता ना? कसं घालता ते मला दाखवाल का? पाणीच आहे हे.”

आजींना नवल वाटलं, पण त्या उठल्या. हात धुतले. आजोबांची मान मागे घेतली, खालची पापणी हलकेच ओढली आणि बरोबर एक थेंब आत सोडला. एकच. आजोबांनी डोळा मिटला. आणि मग आजींनी आपल्या उजव्या हाताची तर्जनी त्यांच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, नाकालगत टेकवली आणि तशीच दाबून धरली.

फार्मासिस्टबाई एक पाऊल पुढे आल्या.

“हे… हे कशासाठी?”

“काय? हे बोट?” आजी बोट न काढता म्हणाल्या. “ह्यांच्या नखऱ्यांसाठी. थेंब सुरू झाले तेव्हा रोज रड. घशात कडू उतरतं, चहा कडू लागतो, जीव नकोसा झाला. मी म्हटलं, डोळ्यात घातलेलं घशात येतंय म्हणजे मध्ये कुठंतरी गळतंय. नळ गळायला लागला की आपण बोट लावतोच की नाही? मग चाचपून बघितलं, कुठं दाबलं की कडू येत नाही. ही जागा सापडली. तेव्हापासून दाबते.”

“किती वेळ?”

“माझं बोलणं संपेपर्यंत,” आजी म्हणाल्या. “डोळे मिटलेले, मान धरलेली, उठून जाता येत नाही. दिवसभरात ह्यांना जे ऐकवायचं राहिलं ते सगळं मी तेवढ्यात ऐकवून घेते.”

“आणि मी म्हणतो, लवकर आटप,” आजोबा डोळे मिटूनच म्हणाले.

सिस्टर हसल्या. बाजूच्या पलंगावरचा पेशंट हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला होता. रडायला आलं की नाकही वाहतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण डोळ्याच्या त्या कोपऱ्यातून एक बारीकशी वाट नाकात उतरते. थेंबही त्याच वाटेने उतरतो. जिभेला लागला तर कडू लागतो, आणि नाकाच्या आतल्या नाजूक अस्तरातून तो थेट रक्तात जातो. गिळलेल्या गोळीला आधी यकृताच्या हातून जावं लागतं, तिथं ती बरीच खर्ची पडते. या थेंबाला अडवणारं कुणी नाही. तो थेट काळजाशी जाऊन पोचतो. आणि ती वाट बंद करायची तर एकच उपाय. थेंब घातल्यावर दोन मिनिटं त्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं. बाई हे पुस्तकात शिकल्या होत्या. शेकडो पेशंटांना सांगितलंही होतं. करतं कोण?

ही आजी करत होती. पाच वर्षं, सकाळ-संध्याकाळ, नवऱ्याचा चहा कडू लागू नये म्हणून. आपल्या बोटाखाली त्याचं हृदय आहे, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती मुलीकडे गेली, बोट उचललं गेलं आणि ठोके खाली आले.

“आजी,” बाई म्हणाल्या. वॉर्डात इतकी वर्षं काढली होती, नाही नाही ते बघितलं होतं, पण असं नवल बघितलं नव्हतं. “बोट तसंच ठेवा. मी आलेच.”

त्या अक्षरशः पळत गेल्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना घेऊनच आल्या. डॉक्टरांनी आजींना पुन्हा करून दाखवायला सांगितलं. आजींनी दाखवलं. वर “एवढे मोठे डॉक्टर, तुम्हाला डोळ्यांत थेंब घालता येत नाहीत?” असंही विचारलं. डॉक्टर वाकून ते बोट बघत राहिले. मग सरळ झाले, चष्मा काढून पुसला आणि हळूच म्हणाले, “आत्ताच का, ते कळलं.”

“मग सकाळचं?”

“थांबवा. बघू दोन दिवस.”

ते दोन दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. थांबवलं खरं, पण ठोके वर आलेच नाहीत तर? डॉक्टर चुकत नसतील तर? मॉनिटरवरच्या त्या हिरव्या आकड्याने त्यांना वेड लावलं. दुसऱ्या वॉर्डातलं काम करतानाही काही ना काही निमित्त काढून त्या इकडे डोकावायच्या. पहिल्या संध्याकाळी आकडा हलला नाही. रात्री डोळ्यांचे नवे थेंब सुरू झाले. सकाळी बाई धापा टाकत आल्या, तर आकडा पंचेचाळीस. दुपारी थोडा अजून वर. आजोबांनी चहाचा घोट घेतला आणि जाहीर केलं की आज चहा बरा आहे. आणि त्यापुढच्या सकाळी बाई दारातच थबकल्या. आजोबा पलंगावर बसून पेपर वाचत होते, आजी त्यांना काहीबाही ऐकवत होत्या, आणि वर आकडा चौसष्ट. काल-परवापर्यंत ज्या छातीत तार घालणार होते, ती छाती आपली आपण ठोके देत होती. बाईंनी दाराची चौकट धरली. डोळे भरून आले ते त्यांनी भरू दिले.

हृदयाच्या डॉक्टरांनी चालवून बघितलं, जिना चढवून बघितलं, आणखी एक रात्र मॉनिटरवर ठेवलं, आणि मग सांगितलं, “पेसमेकर नको. घरी जा. पंधरा दिवसांनी दाखवायला या.”

घरी सोडतानाची झडतीही बाईंचीच. घरी जाणाऱ्या कागदावर त्यांनी तीन गोष्टी ठळक लिहिल्या. काय बंद केलं, काय नवं सुरू केलं, काय पूर्वीसारखंच चालू ठेवायचं. प्रत्येकापुढे कारण. मंद करणारी गोळी बंद. जुने थेंब बंद, आणि पुन्हा कुणी लिहून दिले तर हा कागद दाखवायचा. नवे थेंब रात्री एकदा. रक्तदाबाची दुसरी गोळी चालूच. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांना, एक डोळ्यांच्या डॉक्टरांना.

“यादी चुकलीय,” आजोबा म्हणाले.

“कुठं?” बाई दचकल्या.

“माझी. मथळा चुकला होता. आता मी ‘औषधांची यादी’ असा टाइप करतो.”

“घरी जुन्या थेंबांच्या बाटल्या शिल्लक असतील ना?”

“एक आहे फ्रिजच्या दारात,” आजी म्हणाल्या. “गेल्या गेल्या टाकून देते.” मग जरा थांबून, एकदम उतरलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, “मॅडम, मला खरं सांगा. मी गेले नसते तर हे झालं नसतं?”

बाईंना खोटं बोलता येईना. “नसतं झालं, आजी. पण तुम्हाला कुठं ठाऊक होतं? आणि तुम्ही इतकी वर्षं दाबलं नसतंत तर कदाचित फार आधी झालं असतं. तेही तुम्हाला ठाऊक नव्हतं.”

आजी खुर्चीत टेकल्या. ज्या बोटाने दाबायच्या त्या बोटाकडे त्यांनी असं बघितलं, जणू ते बोट दुसऱ्याच कुणाचं आहे. “आणि मी नखरे समजत होते,” त्या म्हणाल्या. “कधीकधी कंटाळा यायचा हो. एखाद्या दिवशी वाटायचं, जाऊ दे, पिऊ दे कडू चहा.”

“पण दाबलंस,” आजोबा म्हणाले.

कुणी काहीच विचारलं नव्हतं. तरी आजोबा बोलले. आजींनी चमकून वर बघितलं.

“माझं सगळं तुझ्या बोटावर चाललं होतं,” आजोबा म्हणाले. “आणि मी रोज म्हणायचो, लवकर आटप.”

आजींनी नाक ओढलं आणि पदराने डोळे टिपले. “परवा मला परत मुलीकडे जायचंय. लेकरू अजून महिन्याचंही नाही. ह्यांचं काय करू?”

“हे नवे थेंब हृदयाला त्रास देणारे नाहीत,” बाई म्हणाल्या. “तरी दाबायची सवय ठेवलेली बरी. औषध डोळ्यातच राहतं.”

“मला शिकव,” आजोबा आजींना म्हणाले.

आजोबा पलंगाच्या कडेला बसले, मान मागे घेतली. बाईंनी पाण्याचा थेंब सोडला आणि घड्याळ हातात धरलं. आजोबांनी डोळे मिटले आणि आपलं थरथरतं बोट वर नेलं. ते भुवईजवळ टेकलं.

“तिथं नाही,” आजी म्हणाल्या. त्यांनी त्यांचं बोट धरून खाली आणलं, कोपऱ्यात, नाकालगत, अगदी जागेवर बसवलं. आणि वर आपलं बोट ठेवलं. “इथं. कळलं?”

“कळलं.”

आजी काही ऐकवत नव्हत्या. आजोबाही ‘लवकर आटप’ म्हणत नव्हते. काटा एक चक्कर फिरला, दुसरी फिरला, तिसरी सुरू झाली. बाईंनी घड्याळ हळूच खिशात टाकलं.

“झालं का?” आजोबांनी विचारलं.

“नाही अजून,” आजी म्हणाल्या.